खडे मीठ, कुटलेला बर्फ आणि पॉटमधलं आईस्क्रीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हाताने फिरवायच्या पॉटबद्दल आहेत. बाहेर बादली, मध्ये धातूचा उभा डबा, डब्यात मिश्रण खरवडणारी पाती आणि वर हँडल अशी त्याची रचना असते. नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 साली अमेरिकेत अशा पॉटचं पेटंट घेतलं आणि त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. बादली आणि डबा यांच्यामधल्या जागेत बर्फ आणि मीठ जातं, आणि आईस्क्रीम नीट होणार की बिघडणार हे बरंचसं त्या जागेतच ठरतं.

मीठ टाकलं की बर्फ वितळतो. मग वितळणारा बर्फ आणखी थंड कसा होतो?

बर्फ वितळायला उष्णता लागते, आणि ती जवळच्याच वस्तूंकडून घेतली जाते. मिठामुळे येणारी सगळी थंडी याच देवाणघेवाणीतून येते.

शून्य अंशाचा बर्फ आणि शून्य अंशाचं पाणी एकत्र असलं की दोन गोष्टी सतत चालू असतात. बर्फाच्या पृष्ठभागावरचे काही रेणू सुटून पाण्यात जातात आणि पाण्यातले काही रेणू बर्फाला येऊन चिकटतात. दोन्हींचा वेग सारखा असल्यामुळे बर्फ ना वाढतो ना कमी होतो. आता त्या पाण्यात मीठ विरघळलं, की पाण्याच्या रेणूंच्या जागी काही ठिकाणी मिठाचे कण येतात आणि बर्फाकडे परतणाऱ्या रेणूंची संख्या घटते. बर्फातून सुटणारे मात्र पहिल्याच वेगाने सुटत राहतात. तोल गेला, म्हणून बर्फ वितळू लागतो.

एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 जूल उष्णता लागते. ही उष्णता तो उरलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि डब्याच्या पत्र्यातून खेचून घेतो. त्यामुळे सगळंच शून्याच्या खाली उतरू लागतं. जसजसं तापमान उतरतं तसतसे बर्फातून सुटणारे रेणूही मंदावतात, आणि कुठेतरी खाली दोन्ही वेग पुन्हा सारखे होतात. हा नवा तोल शून्याला नसतो. तो उणे 10, उणे 15 किंवा त्याहूनही खाली असू शकतो.

म्हणजे मीठ स्वतः थंडी निर्माण करतं?

नाही. मीठ पाण्यात विरघळताना थोडी उष्णता घेतं हे खरं, पण ती एका ग्रॅमला साधारण 65 जूल इतकीच असते. बर्फाच्या 334 जूलांपुढे ती थोडीच, शिवाय पॉटमध्ये वितळणाऱ्या बर्फाच्या मानाने विरघळणारं मीठही कमी असतं. साध्या पाण्यात मीठ ढवळून पाहा, पाणी अंशाच्या हिशेबात थोडंसंच गार होतं. बर्फाला शून्याखालीही वितळत ठेवणं हे मिठाचं काम. उष्णता ओढण्याचं काम बर्फच करतो. म्हणूनच बर्फ संपला की कितीही मीठ टाकलं तरी उपयोग नाही.

तापमान जास्तीत जास्त किती खाली जातं?

साध्या मिठाने उणे 21.1 अंश सेल्सिअस, त्याखाली नाही. खाऱ्या पाण्यात वजनाने 23.3 टक्के मीठ असतं तेव्हा हा तळ गाठला जातो. त्याहून खाली उतरलं तर खारं पाणी स्वतःच गोठतं, आणि मीठ वाढवलं तर ते न विरघळता पडून राहतं.

त्याआधीच्या पायऱ्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. खाऱ्या पाण्यात 5 टक्के मीठ असेल तर तोल सुमारे उणे 3 अंशांवर येतो. 10 टक्क्यांना तो उणे साडेसहा, 15 टक्क्यांना उणे 11 आणि 20 टक्क्यांना उणे साडेसोळा अंशांच्या आसपास असतो. यातले टक्के पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आहेत. बादलीत किती मीठ ओतलं याने थंडी ठरत नाही, बर्फाला टेकलेल्या पाण्यात किती विरघळलं याने ठरते. खाली येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका वाक्यात सापडेल.

नुसत्या बर्फात डबा ठेवून आईस्क्रीम का होत नाही?

कारण नुसता वितळणारा बर्फ शून्यावर थांबतो आणि आईस्क्रीमचं मिश्रण शून्याला गोठतच नाही. दूध-साखरेच्या मिश्रणात साखर आणि दुधातले क्षार आधीच विरघळलेले असतात, त्यामुळे त्यात पहिले बर्फकण उणे 2 ते उणे 3 अंशांना धरू लागतात. म्हणजे बादलीत मीठ जे करतं, तेच डब्यात साखर करत असते.

शिवाय मिश्रण एकाच तापमानाला सगळं गोठत नाही. थोडं पाणी बर्फ झालं की उरलेलं पाणी अधिक गोड होतं आणि ते गोठायला आणखी थंडी लागते. साधारण उणे 5 अंशांना निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त पाणी गोठलेलं असतं, आणि चमच्यावर वळी उभी राहील असं मऊ आईस्क्रीम तयार होतं. पात्यांनी फिरवायचं काम इथपर्यंतच. पुढे ते घट्ट करायचं असतं, त्यासाठी उणे 15 ते उणे 18 अंश हवेत.

मग बर्फ आणि मिठाचं प्रमाण किती ठेवावं?

फिरवताना वजनाने 5 ते 6 भाग बर्फाला 1 भाग मीठ. नंतर घट्ट करताना 3 ते 4 भाग बर्फाला 1 भाग. वजनकाटा वापरा. वाटीने मोजायला गेलात तर फसगत होते, कारण कुटलेल्या बर्फात पोकळ जागा बरीच असते आणि तेवढ्याच वाटीत मीठ दुपटीच्या आसपास वजनाचं बसतं.

एक लिटरच्या आसपास मिश्रणाचा हिशेब मांडून पाहू. मिश्रण 1 किलो, त्यात साधारण 650 ग्रॅम पाणी. फ्रिजमधून काढलं तेव्हा ते 5 अंशांवर होतं आणि आपल्याला ते उणे 5 अंशांपर्यंत न्यायचं आहे. नुसतं गार करायला अंदाजे 30 किलोजूल उष्णता काढावी लागेल. निम्मं पाणी, म्हणजे सुमारे 325 ग्रॅम, गोठवायला आणखी 110 किलोजूल. एकूण 140. एवढी उष्णता शोषायला सुमारे 420 ग्रॅम बर्फ वितळायला हवा.

इतका कमी? पण हा झाला फक्त मिश्रणाचा वाटा. बादलीतला 4 किलो बर्फ स्वतः शून्यावरून उणे 15 पर्यंत उतरतो, त्यासाठीही त्यातला जवळपास 370 ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. त्यात डब्याचा पत्रा, बादलीच्या भिंतीतून आत येणारी उष्णता आणि वरून लागणारी हवा मिळवा, की एक किलो किंवा जास्त बर्फ अर्ध्या तासात पाणी होतो. डब्याभोवतीची जागा शेवटपर्यंत भरलेली राहावी म्हणून फिरवण्यासाठी 4 किलो बर्फ आणि 700 ग्रॅम मीठ घ्या. घट्ट करण्यासाठी 2 किलो बर्फ आणि 600 ग्रॅम मीठ वेगळं काढून ठेवा.

एक किलो पाण्याला उणे 15 अंशांवर ठेवायला साधारण 230 ग्रॅम मीठ विरघळलेलं पुरतं. मग 700 ग्रॅम कशाला? कारण मीठ सगळीकडे सारखं पोहोचत नाही. काही खडे कोरड्या बर्फात अडकतात, काही थेट तळाला जातात, काही वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर जातात. शेवटी बादलीच्या तळाशी न विरघळलेले खडे दिसले तर त्यात चूक काही झालेली नाही.

बर्फ आणि मीठ भरायची नेमकी पद्धत काय?

मिश्रण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, डबा आणि पातीही गार करा. डबा दोन तृतीयांशच भरा, कारण फिरवताना मिश्रणात हवा जाते आणि ते फुगतं. झाकण लावून डबा बादलीत बसवा आणि बर्फ घालण्यापूर्वी हँडल एकदा फिरवून पाहा. डबा तिरका बसला असेल तर ते आत्ताच कळतं.

बर्फ गोटीएवढा किंवा त्याहून थोडा बारीक कुटा. गोणपाटात घालून लाकडी दांडक्याने कुटलेला चालतो. मोठे तुकडे डब्याच्या पत्र्याला एखाद्याच टोकाने टेकतात आणि मधे हवेच्या पोकळ्या राहतात, तर चुऱ्यासारखा बर्फ लगेच एकजीव होऊन ढेकूळ बनतो. आधी तळाशी चार बोटं नुसता बर्फ घाला. त्यावर मुठीने मीठ पसरा, मग पुन्हा चार बोटं बर्फ, पुन्हा मीठ. मीठ डब्याला लागून न टाकता बर्फाच्या थरावर सारखं भुरभुरवा. वरच्या थरांत मीठ थोडं जास्त असू द्या, कारण ते विरघळून खालीच जाणार आहे. थर डब्यातल्या मिश्रणाच्या पातळीच्या थोडा वर येऊ द्या, पण झाकणाच्या कडेखालीच थांबवा.

शेवटी कपभर गार पाणी वरून सगळीकडे ओता. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही म्हणून मीठ वाढवत बसतात.

पाणी ओतल्याने बर्फ वाया जात नाही का?

थोडा वितळतो, पण त्या बदल्यात काम लगेच सुरू होतं. कोरडं मीठ आणि कोरडा बर्फ फक्त जिथे टोकं टेकतात तिथेच एकमेकांना भेटतात. पाण्याचा पातळ थर असला की मीठ त्यात विरघळून सगळीकडे पोहोचतं. दुसरा फायदा त्याहून मोठा. डब्याच्या पत्र्यातून उष्णता काढून नेण्यात बर्फाच्या खड्यांपेक्षा खारं पाणी कितीतरी चांगलं, कारण ते पत्र्याला पूर्ण लपेटून बसतं.

फ्रीझरमधून नुकता काढलेला उणे 18 अंशांचा बर्फ असेल तर हे पाणी हवंच. तो बर्फ कोरडा ठणठणीत असतो आणि मीठ त्यावर वाळूसारखं पडून राहतं. पृष्ठभाग ओलसर, चकचकीत दिसू लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं तो बाहेर ठेवला तर आणखी सोपं.

खडे मीठच का? बारीक मीठ चालणार नाही?

रसायन म्हणून दोन्ही एकच, सोडियम क्लोराइड. तळ दोन्हींचा उणे 21 अंशच. फरक वेगाचा आहे. बारीक मीठ ओलाव्याला लागताच विरघळतं आणि जड खारं पाणी होऊन बादलीच्या तळाला जाऊन बसतं. परिणामी खालचा भाग एकदम थंड होतो आणि वरचा बर्फ गोडाच राहतो. किंवा ते ओलं होऊन लादीसारखं घट्ट बसतं. खडे हळूहळू झिजतात, थरांमध्ये अडकून राहतात आणि पाण्याला वीस-पंचवीस मिनिटं मीठ पुरवत राहतात. हरभऱ्याएवढे खडे उत्तम.

बारीक मीठच हाती असेल तर सगळं एकदम घालू नका. एक तृतीयांश सुरुवातीला आणि उरलेलं दर पाच मिनिटांनी थोडं थोडं वरून घाला. हे मीठ पोटात जायचं नाही, त्यामुळे स्वस्त, न निवडलेलं मीठ पुरेसं आहे. सैंधवासाठी जास्त पैसे घालून काहीही जास्त मिळत नाही.

मिठाऐवजी साखर वापरली तर?

नाही जमणार. किती कण विरघळले यावर सगळं अवलंबून असतं, आणि साखरेचा रेणू फार जड असतो. मिठाचा कण तर पाण्यात फुटून दोन होतात. हिशेब केला तर एक ग्रॅम मीठ साधारण बारा ग्रॅम साखरेइतकं काम करतं. कॅल्शियम क्लोराइडने मात्र तापमान मिठापेक्षा बरंच खाली जातं, उणे 50 च्या आसपास. पण आईस्क्रीमला एवढी थंडी त्रासदायकच ठरते, आणि ते विरघळताना गरम होतं. ते या कामाला नको.

हँडल अडकलं, पण उघडून पाहिलं तर मधे पातळच आहे. असं का?

थंडी फार जोरात लागली. मीठ जास्त झालं की पत्र्याला लागलेलं मिश्रण पाती खरवडण्याआधीच दगडासारखं धरतं. हा थर दोन-तीन मिलिमीटरचा झाला की आतल्या मिश्रणाला पांघरुणासारखा वागतो. बाहेर उणे 18 असूनही मधलं मिश्रण गार व्हायचं थांबतं आणि पाती थरात रुतून बसते.

जोर लावू नका, पातीचे दात किंवा हँडलचा गिअर तुटतो. थोडं खारं पाणी काढून टाका, त्या जागी बिनमिठाचा बर्फ आणि कपभर गार पाणी घाला, आणि पाच मिनिटं थांबा. थर सैल झाला की हँडल पुन्हा फिरू लागेल. तो थर मिश्रणात मिसळला की आईस्क्रीम थोडं खरखरीत होतं, पण खाण्याजोगं नक्की होतं.

अर्धा तास फिरवलं तरी पातळच. काय तपासावं?

आधी खारं पाणी मोजा. उणे तापमान दाखवणारा थर्मामीटर डब्याच्या मध्यावर, पत्र्याजवळ घाला. उणे 10 ते उणे 14 दिसलं तर बाहेर सगळं ठीक आहे. मग दोष मिश्रणात शोधा. साखर फार आहे, किंवा मद्य घातलं आहे, किंवा मिश्रण कोमट असतानाच डब्यात ओतलं आहे.

उणे 5 किंवा त्याहून वर दिसलं तर पाणी पातळ झालं आहे. बर्फ दिसतो, मीठही तळाशी दिसतं, तरी असं होतं, कारण खारट जड पाणी खाली आणि वितळलेलं हलकं पाणी वर असे थर पडतात. लाकडी डावाच्या दांड्याने बादलीच्या कडेने चारी बाजूंनी तळापर्यंत खुपसून ढवळा, वर मूठभर मीठ आणि ताजा बर्फ घाला. बहुतेक वेळा तीन-चार मिनिटांत आकडा खाली येतो.

थर्मामीटर नसेल तर बादलीबाहेर बसून कळत नाही, पण एक छोटी चाचणी करता येते. बादलीतलं खारं पाणी आणि बर्फ पातळ स्टीलच्या कोरड्या पेल्यात घ्या. बाहेरून नुसते दवाचे थेंब आले तर थंडी कमी आहे. थेंब पांढरे होऊन बोटाच्या नखाने खरवडता येईल असं हिम धरलं, तर तापमान शून्याच्या चांगलंच खाली आहे. पेला ओल्या ताटलीवर ठेवला तर काही मिनिटांत ताटलीला चिकटून तिच्यासकट उचलला जातो.

साचलेलं खारं पाणी काढून टाकावं का?

फिरवताना नाही. त्यातच थंडी साठलेली असते आणि तेच पत्र्याला लपेटून असतं. फक्त पातळी झाकणाच्या कडेपाशी येणार नाही एवढं पाहा. चांगल्या बादलीला वरच्या बाजूला एक भोक असतं ते याचसाठी. ते मधूनमधून काडीने मोकळं करा, बर्फाने बुजतं. ते बुजलं, पाणी वर चढलं आणि झाकणाखालून डब्यात शिरलं, की सगळं आईस्क्रीम खारट होतं आणि ते दुरुस्त करायला काहीही उपाय नाही. डबा उघडण्यापूर्वी झाकण आणि त्याची कड कोरड्या फडक्याने पुसायचं तेही याचसाठी.

फिरवायचा वेग किती आणि थांबायचं कधी?

पहिली पाच मिनिटं हळू फिरवा, मिश्रण गार होत असतं. हँडल थोडं जड लागू लागलं म्हणजे बर्फकण धरू लागले. आता वेग वाढवा आणि मधे थांबू नका. याच टप्प्यात कणांचा आकार ठरतो. वेगाने उष्णता निघाली आणि पातीने सतत खरवडलं तर असंख्य बारीक कण होतात आणि जिभेला रेशमी लागतं. रेंगाळलात तर थोडे मोठे कण वाढत जातात आणि दाताखाली कचकचतात.

एकूण 20 ते 30 मिनिटांनी हँडल दोन हातांनी ओढावं लागेल इतकं जड होतं. तिथे थांबा. त्यापुढे फिरवत राहिलं, विशेषतः मिश्रण मलईदार असेल आणि बाहेरची थंडी कमी असेल, तर लोणी सुटून पिवळसर बारीक गोळे दिसतात. ते पुन्हा मिसळत नाहीत.

घट्ट कसं करायचं?

पाती काढा, आईस्क्रीम चमच्याने खाली दाबा, झाकणाच्या भोकाला बूच लावा आणि वर प्लॅस्टिकचा कागद बांधा. आता मात्र जुनं खारं पाणी ओतून टाका आणि बाजूला ठेवलेला 2 किलो बर्फ 600 ग्रॅम मिठासकट भरा. डबा फिरणार नसल्याने इथे जास्तीत जास्त थंडी हवी, पत्र्याला थर धरला तरी बिघडत नाही. बादली गोणपाटाने किंवा जाड घोंगडीने गुंडाळून दीड-दोन तास सावलीत ठेवा. मधे एकदा ढवळून पाणी फार झालं असेल तर काढा.

हाताला त्रास होतो का?

होतो. शून्याचा बर्फ हातात धरला तर बोटं बधिर होतात, पण उणे 15 अंशांचं खारं पाणी काही सेकंदांत कातडी गोठवू शकतं, कारण ते द्रव असल्याने बोटाला पूर्ण लपेटतं. हात घालून ढवळू नका, जाड रबरी हातमोजे वापरा. मुलांना प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ-मीठ घालून हलवायला दिलं तर पिशवी आधी टॉवेलमध्ये गुंडाळा.

उरलेल्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं?

झाडांना किंवा कुंड्यांत घालू नका, मुळं जळतात. पसरट परातीत उन्हात आटवलं तर मीठ परत मिळतं आणि पुढच्या वेळी तेच वापरता येतं. बादलीचे कडे, डबा आणि गिअर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा. रात्रभर मीठ लागून राहिलं तर डब्याच्या जोडावर आधी गंज धरतो, आणि तिथेच पुढे बारीक छिद्र पडून खारं पाणी आत झिरपतं.